मंजिष्ठाचा तांबडा बाजारातून कसा गेला

प्रश्न: आमच्या घरी पणजीचं एक तांबडं सुती लुगडं आहे. ते झाडाच्या मुळांच्या रंगाचं आहे असं आजी सांगायची. 1856 साली कृत्रिम रंग निघाला आणि नैसर्गिक रंग संपले, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हजारो वर्षं चाललेली गोष्ट इतक्या लवकर कशी संपली? लोकांना स्वस्त आणि भडक मालाला भुलवलं गेलं का? आणि लुगडं खरंच मुळांच्या रंगाचं आहे का, हे ओळखता येईल का?

उत्तर:

मी गेली अठ्ठावीस वर्षं सूत आणि कापड रंगवते. त्यातली निम्मी वर्षं जुन्या कपड्यांचे रंग तपासून त्यांची निगा कशी राखायची हे सांगण्यात गेली आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला मी 1856 पासून सुरुवात करणार नाही. ते साल गोष्ट सांगायला सोयीचं आहे, पण तुमच्या लुगड्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं साल 1869.

तरी 1856 चं दोन शब्दांत उरकते. लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला बसला होता. डांबरापासून मिळणाऱ्या अनिलीनवर प्रयोग करताना त्याच्या हाती एक काळा साका लागला. तो स्पिरिटमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग दिसला. त्याने पेटंट घेतलं, लंडनबाहेर ग्रीनफर्ड ग्रीनला कारखाना काढला आणि त्या रंगाला पुढे मोव्ह हे नाव पडलं. 1858 साली राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात याच छटेचा पोशाख घातला. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनीही या छटेची शौकीन होती. मग लंडनमध्ये जांभळ्याची अशी साथ आली की विनोदी साप्ताहिकांनी तिला ‘मोव्ह गोवर’ म्हणून हिणवलं. पाठोपाठ 1859 साली ल्योंच्या व्हेर्गँने तो भडक गुलाबी-जांभळा रंग काढला, ज्याला त्याच वर्षीच्या इटलीतल्या लढाईवरून मजेंटा म्हणू लागले.

या रंगांनी फॅशन बदलली यात शंका नाही. आधी दगडफुलासारख्या वनस्पतींपासून काढलेला जांभळा महाग होता आणि सगळ्यांना परवडत नव्हता. आता दरवर्षी नवी छटा, नवं नाव, नवा हंगाम सुरू झाला. पण हे सगळं मुख्यतः रेशमावर आणि लोकरीवर चाललं होतं. अनिलीनचे हे पहिले रंग रेशमाला सहज धरतात. सुताला मात्र ते आपणहून चिकटत नाहीत. आधी हिरड्यासारख्या तुरट पदार्थाचा थर द्यावा लागतो आणि तो देऊनही उन्हात ते लवकर विटतात. माझ्याकडे मजेंटाने रंगवलेला सुताचा एक नमुना खिडकीत लटकवलेला होता. एका उन्हाळ्यात त्याची अर्धी बाजू मळकट गुलाबी झाली. म्हणजे मोव्हने एक नवी हौस निर्माण केली, पण गोरगरिबांच्या अंगावरचा तांबडा, म्हणजे जगातल्या कापडधंद्याचा रोजचा मोठा व्यवहार, त्यानंतरही दहा-बारा वर्षं मुळांच्याच जिवावर चालू होता.

हा तांबडा कसा निघायचा ते आधी नीट पाहू, कारण तो का हरला हे त्यातच आहे.

युरोपात मंजिष्ठेची एक जात पिकवत. ती आपल्या मंजिष्ठेची सख्खी बहीण म्हणा. फ्रान्समध्ये आविन्योंच्या आसपासचा व्होक्लूझ प्रांत, आल्सास, हॉलंडमधला झीलंड आणि तुर्कस्तानात इझमीर ही तिची मोठी ठिकाणं. झाड लावल्यावर साधारण तीन वर्षांनी मुळं खणतात, वाळवतात आणि दळतात. त्या भुकटीत खरा रंग, ज्याला अलिझरीन म्हणतात, शंभर भागांत एक ते दोनच भाग असतो. बाकी सगळं लाकूड, साखर आणि तपकिरी-पिवळी घाण. रंगाऱ्याची निम्मी हुशारी या घाणीला कापडापासून लांब ठेवण्यात जायची.

सुताला तांबडा चढवायला तुरटी लागते. तुरटीतलं ॲल्युमिनियम एका हाताने सुताला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. पण तुरटीबरोबर चुनाही लागतो, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा हौसेने फिल्टरचं मऊ पाणी वापरून मंजिष्ठेचं पातेलं लावलं. कापड निघालं ते विटकरी-नारिंगी, मेलेलं. दोन दिवस तुरटीला शिव्या दिल्या, नवी तुरटी आणली, तरी तेच. शेवटी एका जुन्या रंगाऱ्याने पाणी कुठलं घेतलंस एवढंच विचारलं. पुढच्या पातेल्यात चिमूटभर खडूची भुकटी टाकली आणि लाल उघडला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ओसमान नावाच्या फ्रेंच छपाईवाल्याचीही हीच गत झाली होती. रूआँ सोडून तो आल्सासमध्ये कोलमारजवळ आला आणि त्याचा तांबडा बिघडला. तिथल्या पाण्यात चुना नाही हे त्याने ओळखलं आणि पातेल्यात खडू घालून रंग परत मिळवला. व्होक्लूझच्या मंजिष्ठेचं नाव होतं तेही तिथल्या पाणथळ, चुनखडी मातीमुळे.

या तांबड्याची सर्वांत पक्की जात म्हणजे ‘टर्की रेड’. अठराव्या शतकात तुर्की साम्राज्यातून ही कला फ्रान्समध्ये आणि मग 1785 साली ग्लासगोत पोचली. सूत उकळायचं, कडू पडलेल्या ऑलिव्ह तेलात सोडा आणि मेंढ्यांच्या लेंड्या कालवून त्यात भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असं अनेकदा. मग मायफळासारख्या तुरट द्रव्यातून, मग तुरटीतून, मग रंगाच्या पातेल्यात. काही ठिकाणी पातेल्यात बैलाचं रक्तही घालत. शेवटी साबण आणि कथलाचा क्षार यांत उकळून तपकिरी घाण काढायची आणि लाल उजळवायचा. एका घाण्याला तीन-चार आठवडे सहज लागत. पण असा तांबडा धुऊन, उन्हात वाळवून वर्षानुवर्षं तसाच राहायचा.

आपल्याकडे हेच काम आलीच्या मुळांनी होई. आल म्हणजे बारतोंडीचं झाड. खानदेश, वऱ्हाड आणि बुंदेलखंडात काळ्या जमिनीत आल पेरत आणि तीन-चार वर्षांनी खोल खणून मुळं काढत. गंमत म्हणजे जाड मुळांना किंमत नसायची. खरा रंग बारीक मुळांच्या सालीत, त्यामुळे खणताना ती तुटू न देण्यावर सगळा नफा. इथेही कृती तीच: एरंडेल किंवा तिळाचं तेल, खार, शेळीच्या लेंड्या, हिरडा, तुरटी आणि मग आल. वहीखात्यांना बांधतात तो तांबडा जाड खारवा या आलीच्याच जोरावर नावारूपाला आला.

आता 1868 कडे येऊ. बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमन या दोन तरुण रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून काढलेलं अलिझरीन जस्ताच्या भुकटीबरोबर तापवलं. हाती आलं अँथ्रासीन. म्हणजे दगडी कोळशाचं डांबर गाळताना उरणारा तो चिकट पदार्थ, ज्याला त्या वेळी फारसं गिऱ्हाईक नव्हतं. रंगाचा सांगाडा सापडल्यावर उलट्या दिशेने जाणं त्यांना जमलं आणि त्यांनी अँथ्रासीनपासून अलिझरीन बनवलं. मात्र त्यांच्या पहिल्या कृतीत ब्रोमीन लागायचं. ते इतकं महाग की त्यातून धंदा होणं शक्य नव्हतं. त्यांनी बीएएसएफ या जर्मन रंग कंपनीच्या हाइनरिख कारोबरोबर ब्रोमीनच्या जागी जहाल गंधकाम्ल आणि मग कॉस्टिक सोडा वापरण्याची रीत काढली. हे दोन्ही पदार्थ तेव्हा टनांनी मिळत होते. त्यांनी लंडनमध्ये पेटंट मागितलं 25 जून 1869 रोजी. पर्किनही स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोचला होता. त्याचा अर्ज 26 जूनला गेला, एक दिवस उशिरा. शेवटी दोघांनी समेट केला आणि इंग्लंडचा बाजार बराचसा पर्किनकडे राहिला. 1870 साली त्याच्या कारखान्यातून 40 टन माल निघाला, 1871 साली 220 टन आणि 1873 साली 435 टन. तीन वर्षांत दहापट. मोव्हच्या बाबतीत असं काही घडलं नव्हतं.

कारण साधं आहे आणि तुमच्या ‘भुलवलं गेलं का’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. मोव्ह ही नवी वस्तू होती, तर अलिझरीन ही जुनीच वस्तू दुसऱ्या वाटेने आलेली. कारखान्यातला अलिझरीनचा रेणू आणि मुळातला रेणू यांत काडीचाही फरक नाही. म्हणजे रंगाऱ्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. तीच तुरटी, तोच चुना, तेच तेल, फक्त पातेल्यात टाकायची वस्तू बदलली. जो पक्केपणा मुळात होता तोच डब्यात होता. मंजिष्ठेच्या रंगाऱ्यांना कुणी फसवलं असं मला तरी म्हणता येत नाही. हिशेब त्यांना डोळ्यांनी दिसत होता.

तो हिशेब मी माझ्या पातेल्यावर मांडून दाखवते. एक किलो सुताला भरदार तांबडा हवा असेल तर मला निदान एक किलो मुळाची भुकटी लागते, आणि हलक्या प्रतीची असेल तर त्याहून जास्त. दीड टक्का रंग धरला तर त्या किलोत अलिझरीन 15 ग्रॅम. कारखान्यातलं अलिझरीन पाण्यात कालवलेल्या लगद्याच्या रूपात विकलं जाई आणि शंभर भागांत वीस भाग रंग हे त्याचं रूढ प्रमाण झालं. 100 ग्रॅम लगदा घेतला तर त्यात 20 ग्रॅम रंग. म्हणजे एक किलो मुळं विरुद्ध 100 ग्रॅम लगदा. एक टन सूत रंगवायचं तर एका बाजूला टनभर मुळांची पिंपं, त्यांचं जहाजाचं भाडं, कोठाराची जागा आणि ओल लागू नये म्हणून घ्यायची काळजी. दुसऱ्या बाजूला क्विंटलभर लगदा. मुळांची ताकदही दर पिंपाला निराळी. कुठलं शेत, कुठलं साल, किती जुनं, यावर रंग बदलायचा, म्हणून प्रत्येक पिंपातून नमुना काढून चिंधी रंगवून पाहावी लागे. डब्यातला लगदा ठरलेल्या ताकदीचा.

यापेक्षाही मोठा फायदा उष्णतेचा होता आणि तो पुस्तकांत क्वचितच सापडतो. मंजिष्ठेचं पातेलं हळूहळू तापवावं लागतं आणि साधारण 70 ते 75 अंशांच्या पुढे गेलं की मुळातली तपकिरी घाण सुटून लाल मारला जातो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा पहिला तांबडा असाच चॉकलेटी होतो. गॅस मोठा ठेवून ते फोनवर बोलत बसतात. शुद्ध अलिझरीनमध्ये घाणच नाही, त्यामुळे ते सरळ उकळता येतं. छपाईवाल्यांची तर चांदीच झाली. मंजिष्ठेच्या पातेल्यातून छापलेलं कापड निघालं की जिथे पांढरं राहायला हवं तिथेही गुलाबी-तपकिरी झाक यायची. मग कोंड्याच्या पाण्यात उकळा, गवतावर पसरून दिवसच्या दिवस उन्हात ठेवा, असा खटाटोप करावा लागे. अलिझरीनने तो जवळजवळ संपला. वेळ वाचला आणि कुरणांएवढी जागाही वाचली.

तेलाच्या बाजूलाही त्याच सुमारास फेरबदल झाला. 1870 च्या दशकात एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात मिसळणारं तेल निघालं. आजही रंगांच्या दुकानात ते ‘टर्की रेड ऑइल’ या नावाने मिळतं, आणि अंघोळीच्या महागड्या तेलांच्या बाटल्यांवरही हे नाव दिसतं. कडू ऑलिव्ह तेल आणि लेंड्यांचे ते आठवडे आता थोड्या दिवसांवर आले. आपलं एरंडेल कच्चा माल म्हणून विलायतेला जात होतं आणि त्याच तेलाच्या जोरावर रंगलेलं कापड आपल्याकडे परत येत होतं.

व्होक्लूझच्या शेतकऱ्यांना याची झळ सर्वांत आधी लागली. त्यांची वेळही वाईट होती. त्याच वर्षांत द्राक्षांच्या मुळांना फिलॉक्सेरा कीड लागली होती आणि रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता. मंजिष्ठ सोडून वेलींकडे किंवा रेशमाकडे वळावं तर तिथेही संकट. 1880 च्या आसपास तिथली मंजिष्ठ जवळपास संपली. फ्रेंच पायदळाच्या तांबड्या विजारी मात्र चालू राहिल्या. त्या 1829 साली सुरू झाल्या, त्या वेळी रंग देशातल्या शेतांतला होता. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्याच विजारींचा तांबडा शत्रूच्या, म्हणजे जर्मनीच्या कारखान्यांतून येत होता.

जर्मनीच का, हा प्रश्न इथे येतो. प्रशियाने ग्रेबे-लीबरमनला पेटंट नाकारलं होतं आणि सबंध जर्मनीला लागू होणारा पेटंट कायदा 1877 पर्यंत नव्हता. त्यामुळे होक्स्टसारखे कारखाने अलिझरीन बनवायला लागले, आपसात भिडले आणि भाव कोसळले. कोळशाच्या डांबरावर काम करणारे शिकलेले रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याकडे डझनांनी होते. पर्किन 1874 साली कारखाना विकून बाहेर पडला. 1881 साली अलिझरीन बनवणाऱ्यांनी संगनमत करून भाव बांधला, तेव्हा ब्रिटिश रंगारी आणि छपाईवाले इतके वैतागले की त्यांनीच पैसे घालून 1882 साली स्वतःची अलिझरीन कंपनी काढली.

आपल्याकडे हा तांबडा दोन वाटांनी आला. पहिली वाट रंगवलेल्या मालाची. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या लेव्हन नदीच्या खोऱ्यात टर्की रेडचे मोठे कारखाने होते आणि त्यांचा फार मोठा ग्राहक हिंदुस्थान होता. तिथे मोर, कोयऱ्या, वेलबुट्टी असं आपल्या डोळ्यांना ओळखीचं छापून मुंबईला पाठवत. त्यांच्या नमुनावह्या आज एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गठ्ठ्यांवर रंगीत चित्रांची तिकिटं चिकटवलेली असत, देवादिकांची, हत्तींची. वाचता न येणारा गिऱ्हाईक चित्र पाहून माल ओळखायचा. तांबडं सूतही यायचं आणि आपल्या विणकरांनी ते काठांना, चौकड्यांना वापरायला सुरुवात केली. कापड हातमागाचं, पण तांबडा बाहेरचा.

दुसरी वाट डब्यातल्या लगद्याची. शहरातला आणि मग तालुक्यातला रंगारी आल टाकून अलिझरीन वापरू लागला. त्याने हिरडा सोडला नाही, तुरटी सोडली नाही. धायटीची फुलं पातेल्यात टाकायची सवयही सोडली नाही. नर्मदेच्या बाजूच्या बागच्या छपाईत आजही तुरटीने छापून अलिझरीनमध्ये धायटीच्या फुलांबरोबर उकळतात. म्हणून कुणी ‘शंभर टक्के नैसर्गिक बाग’ म्हणून विकू लागलं की मी हसते. ती पद्धत पारंपरिक आहे यात शंका नाही, पण त्या तांबड्याला दीडशे वर्षांची कारखान्याची परंपराही आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

मार बसला तो आलीच्या शेतकऱ्याला. तीन-चार वर्षं जमीन अडकवून, खोल खणून, मुळं निवडून जो भाव मिळायचा तो लगद्यापुढे टिकेना. एकोणिसावं शतक संपता संपता आल बाजारातून मागे सरली. आज खानदेशात बांधावर बारतोंडी उभी दिसते, पण तिच्या मुळांचा उपयोग सांगणारं माणूस शोधावं लागतं.

फसवणुकीची गोष्ट निराळी आहे आणि ती अलिझरीनच्या नंतर सुरू झाली. 1884 साली जर्मनीत काँगो रेड निघाला. हा रंग सुताला तुरटीशिवाय, तेलाशिवाय, कशाशिवायच धरायचा. गरम पाणी, थोडं मीठ, सूत, झालं. घरच्या घरी कुणीही रंगवावं इतकं सोपं, आणि ताज्या कापडावर तो लाल टर्की रेडच्या तोंडात मारणारा. पण धुतला की सुटायचा आणि आम्ल लागलं की निळा-काळा पडायचा. लिंबू सांडलं की डाग. ‘विलायती रंग कच्चा’ हा आपल्या घराघरातला समज मला वाटतं याच जातीच्या रंगांनी आणि सुतावरच्या मजेंटाने घालून दिला. त्या समजाचं उलटं टोकही तितकंच चूक आहे. आपला कुसुंबी, म्हणजे करडईच्या फुलांचा, पूर्ण नैसर्गिक आणि पूर्ण कच्चा. खारात धुतला की पिवळा होऊन निघून जातो. पूर्वी हौसेने सणाला रंगवायचे आणि विटला की पुन्हा रंगवायचे. रंग झाडाचा की कारखान्याचा यावरून त्याचा पक्केपणा ठरत नाही. तो सुताला कसा बांधला आहे यावर ठरतो.

निळीचं एक वाक्य सांगून तुमच्या लुगड्याकडे येते, कारण निळीची उडी अलिझरीनपेक्षा बरीच संथ होती. बायर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीचं रसायन 1880 सालीच जमवलं, पण स्वस्त रीत सापडून बीएएसएफने माल बाजारात आणायला 1897 उजाडलं. तोवर बिहारचे मळेवाले निर्धास्त होते आणि तांबड्याचं जे झालं ते आपलं होणार नाही असं त्यांना वाटत होतं.

आता लुगडं. पणजीचं म्हणता, म्हणजे ते विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतलं असण्याची शक्यता मोठी. त्या काळात सुती तांबड्यात चार प्रकार भेटतात: अलिझरीन, काँगो रेड आणि मजेंटासारखे कच्चे रंग, 1912 नंतर आलेले नॅफ्थॉलचे लाल आणि क्वचित जुन्या रीतीची आल किंवा मंजिष्ठ. लुगडं धुऊ नका. आतल्या बाजूने, पदराच्या शेवटाला किंवा दुमडीत सुटलेला एखादा तांबडा धागा असेल तर एवढाच काढून घ्या, आणि सगळ्या चाचण्या त्या धाग्याच्या तुकड्यांवरच करा. कापडावर काही ओतू नका.

एका तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. धागा निळसर-काळा झाला तर तो काँगो रेडच्या घरातला. दुसरा तुकडा पांढऱ्या कापसावर ठेवून वरून स्पिरिटचा थेंब टाका आणि दाबा. कापूस गुलाबी झाला तर मजेंटासारखा अनिलीनचा रंग. तिसरा तुकडा कोरड्या पांढऱ्या कपड्यावर जोराने घासा. रंग नारिंगीकडे झुकणारा असेल आणि कपड्यावर लाल उतरला तर नॅफ्थॉलचा संशय धरा. तिन्ही वेळा धागा ढिम्म हलला नाही तर तुमच्याकडे बहुधा तुरटीवरचा पक्का तांबडा आहे, म्हणजे अलिझरीन किंवा मुळं.

त्यांच्यातला फरक घरी नक्की होत नाही, पण एक खूण आहे. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या आणि अंधाऱ्या खोलीत पाहा. मंजिष्ठेच्या मुळांत अलिझरीनशिवाय पर्प्युरिनच्या कुळातले रंगही असतात आणि ते नारिंगी-गुलाबी चमकतात. कारखान्याचं अलिझरीन बहुतेक मंद राहतं. कापड कधी आधुनिक पावडरने धुतलं असेल तर निळी-पांढरी चमक येईल, ती पावडरची आहे, तिच्यावर जाऊ नका. कडेकडेने मळलेल्या कापडात ही खूण फसते, म्हणून तिच्यावर पैज लावू नका.

खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत काही मिलिमीटर धागा पुरतो. लिक्विड क्रोमॅटोग्राफीत रंगाचे घटक सुटे होतात. मोरिंडोन दिसलं तर आल. पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन असून अलिझरीन जवळजवळ नसेल तर आपली मंजिष्ठ. अलिझरीन आणि पर्प्युरिन दोन्ही भरपूर असतील तर युरोपी मंजिष्ठ. अलिझरीनबरोबर अँथ्रापर्प्युरिन किंवा फ्लॅव्होपर्प्युरिन दिसलं तर कारखाना, कारण हे दोन्ही अँथ्रासीनपासून रंग बनवताना सोबत तयार होतात. नुसतंच अलिझरीन निघालं तर मात्र घाई करू नका. दक्षिणेतल्या किनाऱ्यावरच्या चाय मुळीतही पर्प्युरिनशिवाय अलिझरीन असतं. अशा वेळी सूत कुठलं, वीण कुठली, काठ कुठल्या पद्धतीचा, हे पाहून ठरवावं लागतं.

माझा अंदाज विचाराल तर धागा लिंबाला आणि स्पिरिटला हलणार नाही, आणि टॉर्चखाली मंद राहील. म्हणजे तांबडा कारखान्याचा, पण तुरटीवर बांधलेला. आजीचं म्हणणं तरी पूर्ण चूक ठरत नाही. चाय मुळीतून किंवा युरोपी मंजिष्ठेच्या मुळातून जो रेणू निघायचा तोच तिथे असेल, फक्त शेतातून न येता डब्यातून आलेला. तपासल्यावर इथेच कळवा. काठाचा धागा आणि अंगाचा धागा वेगवेगळे तपासा, कारण काठाचं सूत बाहेरून रंगवून आलेलं आणि अंगाचं गावात रंगवलेलं, असं एकाच लुगड्यात मी पाहिलं आहे.